हॅरॉड-डोमर, सोलो, लुईस : तुलनांनी भरलेल्या प्रकरणाचा तक्ता कसा करावा?

मृण्मयी_कळवा

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने अर्थशास्त्रात एम.ए. करतेय, पेपर मराठीतून लिहिणार आहे. ऑफिस सुटलं की नौपाड्यातल्या अभ्यासिकेत बसते. वृद्धी आणि विकासाच्या पेपरला चाळीसेक पानांचं एक वाचन लावलंय. त्यात हॅरॉड-डोमर, सोलो आणि लुईस ही तीन मॉडेल्स एकत्र येतात, पण एकाखाली एक अशी नाहीत. प्रत्येक परिच्छेद एका मॉडेलने सुरू होतो आणि दुसऱ्यावर टीका करून संपतो. "हॅरॉडच्या तुलनेत सोलो अधिक लवचीक, मात्र लुईसने पाहिलेली श्रमिकांची परिस्थिती त्यात येत नाही" अशा धर्तीची वाक्यं पानोपानी.

मी तक्ता करायला घेतला. मॉडेल्सचे तीन स्तंभ, आणि गृहीतं, मर्यादा अशा ओळी. झालं ते असं:

| | हॅरॉड-डोमर | सोलो | लुईस |
|---|---|---|---|
| गृहीतं | भांडवल-उत्पादन गुणोत्तर स्थिर, बंद अर्थव्यवस्था | अधिक लवचीक, वास्तवाच्या जवळ | अमर्याद श्रमपुरवठा |
| मर्यादा | ताठर, अवास्तव | तंत्रज्ञान बाहेरून येतं | शहरी बेरोजगारीकडे दुर्लक्ष |

तक्ता दिसतो नीटस, पण "सोलोने हॅरॉड-डोमरवर नेमकी कशी मात केली?" असा प्रश्न आला तर यातून मला दोन वाक्यंही लिहिता येत नाहीत. चाळीस पानांतला युक्तिवाद कुठेतरी गळून गेलाय. तुम्ही अशा वाचनाचे तक्ते कसे करता?

---

घणसोलीकर_नितीन

ताई, एक्सेलमध्ये करा. पान आडवं घ्या, ए-थ्री वर प्रिंट काढा, वरची ओळ फ्रीझ करा म्हणजे खाली गेलं तरी मॉडेलची नावं दिसत राहतात. प्रत्येक मॉडेलला वेगळा रंग द्या. कॉलमची रुंदी सारखी ठेवा आणि व्रॅप टेक्स्ट चालू ठेवा, नाहीतर मजकूर पुढच्या खान्यात घुसतो. वाशी स्टेशनजवळ ए-थ्री प्रिंट सहज मिळते.

---

मृण्मयी_कळवा

नितीनदादा, आभारी आहे, प्रिंट काढायची वेळ येईल तेव्हा हे कामाला येईल. माझी अडचण मात्र खान्यांत काय लिहायचं याची आहे.

---

प्रथमेश_ठाणे

मी एमपीएससी करतोय, ही तीन मॉडेल्स आमच्याकडेही येतात. सोपं सांगतो. हॅरॉड-डोमर म्हणजे बचत वाढवा, वाढ होईल. सूत्र एकच, बचतदर भागिले भांडवल-उत्पादन गुणोत्तर. सोलो म्हणजे बचतीने काही होत नाही, तंत्रज्ञानानेच वाढ होते. लुईस म्हणजे शेतीतल्या माणसाची सीमान्त उत्पादकता शून्य, त्याला कारखान्यात न्या. प्रत्येक खान्यात ही एक ओळ टाका, पाठ करा, झालं. मर्यादा तर तिन्हींच्या त्याच असतात : सरकार नाही, परकीय व्यापार नाही, वास्तवाशी फारकत.

---

सुमेधा_वाशी

मृण्मयी, महाविद्यालयात बरीच वर्षं हाच पेपर शिकवला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुझ्या तक्त्यातला "अधिक लवचीक" हा खाना घे. बाकीचे दोन स्तंभ हाताने झाकून तो वाच. लवचीक म्हणजे काय, कशापेक्षा, कशात? काहीच कळत नाही. वाचनातलं तुलनेचं वाक्य तू उचलून तसंच एका खान्यात ठेवलंस. परिच्छेदात त्याला शेजारच्या वाक्याचा आधार होता, खान्यात तो राहिला नाही. म्हणून तुलनेचं प्रत्येक वाक्य आधी फोडायचं आणि त्याची दोन स्वतंत्र विधानं करायची. सोलोच्या खान्यात येईल : "भांडवल आणि श्रम एकमेकांच्या जागी वापरता येतात, श्रमिकामागे भांडवल वाढत गेलं की त्याचं सीमान्त फळ घटतं." हॅरॉड-डोमरच्या खान्यात : "भांडवल आणि श्रम ठरावीक प्रमाणातच लागतात, भांडवल-उत्पादन गुणोत्तर बदलत नाही." आता कुठलाही खाना झाकला तरी दुसरा उभा राहतो, आणि दोन्ही शेजारी ठेवले की तुलना वाचणाऱ्याला आपोआप दिसते. "अधिक", "कमी", "तुलनेने", "त्याउलट" हे शब्द खान्यात उरले असतील तर ते वाक्य अजून फोडायचं बाकी आहे असं समज.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गृहीतं एका ओळीत आणि मर्यादा दुसऱ्या ओळीत असं तू केलंस, तिथेच युक्तिवाद गळाला. सोलोने १९५६ च्या लेखाची सुरुवातच या मुद्द्याने केली आहे. त्याचं म्हणणं असं की कुठल्याही सिद्धान्ताची गृहीतं तंतोतंत खरी नसतातच, त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. पण काही गृहीतं अशी असतात की ती जरा हलवली तर निष्कर्षच बदलतो. ती निर्णायक गृहीतं, आणि तीच वास्तवाशी जुळायला हवीत. हॅरॉड-डोमरमधलं असं गृहीत त्याने बोट ठेवून दाखवलं : श्रमाच्या जागी भांडवल वापरता येत नाही, हे. "बंद अर्थव्यवस्था" हेही त्यांचं गृहीत आहे, पण इथे निष्कर्ष त्यावर उभा नाही.

म्हणून प्रत्येक मॉडेलसाठी एक साखळी लिही : गृहीत, त्यावर टेकलेला निष्कर्ष, आणि गृहीत काढलं तर त्या निष्कर्षाचं काय होतं. मर्यादा ही तिसरी कडी आहे. ज्या मर्यादेला मागची दोन टोकं सापडत नाहीत ती मर्यादा अजून तुला समजलेली नाही, किंवा लेखकाने ती नुसती सांगण्यापुरती सांगितली आहे. "अवास्तव" हा शब्द म्हणूनच खान्यात नको. तो कुठल्याही मॉडेलपुढे लिहिता येतो.

प्रथमेश, तुझं सोलोबद्दलचं वाक्य अर्धंच बरोबर आहे. "बचतीने काही होत नाही" असं सोलो म्हणत नाही. त्यावर उद्या आकडे घेऊन लिहिते, कारण तक्त्यातली सगळ्यात उपयोगी ओळ तिथूनच निघते.

---

प्रथमेश_ठाणे

मॅडम, दीर्घकालीन वृद्धीदर बचतीवर अवलंबून नाही हे तर पाठ्यपुस्तकात सरळ छापलेलं असतं. मग माझं कुठे चुकलं?

---

दत्ता_पाचपाखाडी

मला मुळात तक्त्याचाच प्रश्न पडतो. तक्त्यात तीन विद्वान एका रांगेत बसवले की तिघांना एकच प्रश्न विचारला होता असं वाटतं. तसं नव्हतं. हॅरॉडचा लेख १९३९ चा, महामंदीनंतरचा. अर्थव्यवस्था सुरीच्या धारेवर का चालते, जरा घसरली की आणखी का घसरते, हा त्याचा प्रश्न. डोमर १९४६ चा, युद्ध संपलेलं. गुंतवणुकीने मागणी वाढते तशी उत्पादनक्षमताही वाढते, मग पूर्ण रोजगार टिकायला गुंतवणूक किती वेगाने वाढायला हवी, हा त्याचा. लुईस १९५४ चा, डोळ्यासमोर गरीब देश. सोलोने १९५६ मध्ये हॅरॉडच्या धारेला उत्तर दिलं. हा क्रम तक्त्यात मरतो. आणि डोमरने तर १९५७ मध्ये, आपला लेख दीर्घकालीन वाढीचं मॉडेल म्हणून वापरू नये अशी भूमिका स्वतःच घेतली. तरी आपण "हॅरॉड-डोमर" असा जोडस्तंभ करून त्यावर नियोजनाचं सूत्र लिहितो. माझ्या मते ते दोन स्तंभ हवेत, आणि तक्त्याआधी क्रम सांगणारा एक परिच्छेद हवा.

---

सुमेधा_वाशी

दत्ताजी, परिच्छेद हवाच. त्याबरोबर तक्त्याची पहिली ओळ "कोणत्या अडचणीला उत्तर" अशी ठेवली तर क्रम बराचसा वाचतो, आणि त्या ओळीत वर्ष लिहायचं. स्तंभ दोन की एक, यावर मी थोडी वेगळी आहे. हे वाचन ज्या सूत्रावर टीका करतंय ते सूत्र जोडनावानेच नियोजनात वापरलं गेलं. आपल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेमागेही त्याच धाटणीचा विचार होता. टीका ज्याच्यावर आहे त्याचा स्तंभ करावा असं मला वाटतं.

आता प्रथमेशचा प्रश्न. मी विद्यार्थ्यांना तक्त्यात एक ओळ अशी ठेवायला लावते की तिन्ही मॉडेल्सना एकच प्रश्न, तेच आकडे घेऊन विचारायचा. प्रश्न असा : देशाची बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेली, तर वाढीचं काय होईल? सुरुवातीला भांडवल-उत्पादन गुणोत्तर ४, म्हणजे वर्षाला १ रुपयाचं उत्पादन काढायला ४ रुपयांचं भांडवल लागतं. घसारा सोयीसाठी बाजूला ठेवू.

हॅरॉड-डोमर : २० भागिले ४, म्हणजे ५ टक्के वाढ. बचत ३० झाली की ३० भागिले ४, म्हणजे साडेसात टक्के. आणि ती कायमची, कारण खालचा ४ हलतच नाही.

सोलो : श्रमिकांची संख्या आणि तंत्रज्ञान मिळून ५ टक्क्यांनी वाढतात असं धर, म्हणजे दोघांची सुरुवात एकाच जागी होईल. उत्पन्नात भांडवलाचा वाटा एक-तृतीयांश धर. बचत ३० झाली की भांडवल पहिल्या वर्षी साडेसात टक्क्यांनीच वाढतं, हॅरॉड-डोमरसारखंच. पण उत्पादन तेवढं वाढत नाही. भांडवलाच्या साडेसातचा एक-तृतीयांश, म्हणजे २.५, आणि बाकीच्या ५ चा दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे ३.३. बेरीज साधारण ५.८ टक्के. भांडवल उत्पादनापेक्षा जोरात वाढतंय म्हणजे गुणोत्तर ४ वर राहात नाही, चढू लागतं. चढत चढत ते ६ वर पोचलं की ३० भागिले ६, पुन्हा ५ टक्के. वाढीचा दर परत जुन्या जागी आला. पण मधल्या काळात देश वरच्या पायरीवर गेला : उत्पन्न जुन्या वाटेपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त, आणि तेही कायमचं.

म्हणजे प्रथमेश, दर बदलत नाही हे बरोबर, "काही होत नाही" हे चूक. पातळी बदलते. आणि हा प्रवास संथ असतो. या आकड्यांवर अर्धी वाट कापायलाच वीसेक वर्षं लागतात. त्यामुळे एका पंचवार्षिक योजनेच्या मुदतीत पाहिलं तर सोलोच्या देशातही बचतीने वाढीचा दर वाढलेलाच दिसेल.

मृण्मयी, या एका ओळीत काय सापडलं ते बघ. दोन मॉडेल्समधलं सगळं अंतर "४ हा ४ राहतो की ६ होतो" एवढ्यात आहे. "ताठर" आणि "लवचीक" या शब्दांमागे लेखकाच्या मनात हेच होतं.

---

मृण्मयी_कळवा

सुमेधाताई, हे पाचव्या पानावर एका वाक्यात होतं आणि मी ते नुसतं अधोरेखित करून पुढे गेले होते. आता लुईसच्या खान्यात हाच प्रश्न कसा विचारायचा? त्याच्याकडे भांडवल-उत्पादन गुणोत्तराचं सूत्र दिसत नाही.

---

सुमेधा_वाशी

विचारून बघ, म्हणजे कळेल की लुईसला हा प्रश्न उलटा वाटतो. बचत वाढली तर काय होईल, हे तो विचारत नाही. बचत वाढते कशी, हाच त्याचा प्रश्न आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४-५ टक्के बचत करणारा समाज १२ ते १५ टक्के बचत करणारा कसा होतो, हे विकासाच्या सिद्धान्ताचं मध्यवर्ती कोडं आहे असं त्याने लिहिलंय. त्याचं उत्तर : पारंपरिक क्षेत्रातून ठरावीक वेतनावर हवे तितके श्रमिक मिळत राहतात, म्हणून भांडवलदारी क्षेत्र वाढलं तरी वेतन चढत नाही, नफ्याचा वाटा चढतो, आणि नफा पुन्हा गुंतवला जातो. बचत त्याच्याकडे शेवटी येते, सुरुवातीला नाही.

तेव्हा त्या खान्यात आकडा कोंबू नकोस. लिही : "बचतदर बाहेरून दिलेला नाही, नफ्याचा वाटा वाढल्याने तो वाढतो." एखादा प्रश्न मॉडेलला बसत नाही, हीच तिथली माहिती.

आणखी एक. हॅरॉड-डोमरच्या साडेसात टक्क्यांकडे परत बघ. भांडवल साडेसातने वाढतंय, आणि श्रमाची ताकद पाचनेच वाढतेय. प्रमाण पक्कं असेल तर काही वर्षांत यंत्रं आहेत पण चालवायला माणसं नाहीत अशी वेळ येणार. मग गरीब देशांच्या नियोजनकारांना हे सूत्र चालतंय असं का वाटलं? कारण माणसं कमी पडणारच नाहीत असं त्यांनी धरलं, म्हणजे लुईसची परिस्थिती. श्रमिक मुबलक आहेत तोवर भांडवलाबरोबर श्रमही त्याच प्रमाणात वाढवता येतात, गुणोत्तर चढायचं कारण उरत नाही. ज्या दिवशी अतिरिक्त श्रम संपतात आणि वेतन चढू लागतं, त्या वळणानंतर सोलोचा हिशेब लागू होतो. "श्रमिक कुठून येतात" ही ओळ तक्त्यात घातलीस तर तिन्ही मॉडेल्स एका दोऱ्यात येतात.

---

तुर्भेकर

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही, मार्केटात गाळा आहे. पण लुईसचं हे जे चाललंय ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. सातारा-सांगलीकडची माणसं माथाडीला आली, वडिलांच्या वेळेपासून. गावाकडे एका शेतात चार भाऊ राबायचे, त्यातले दोघे इकडे आले तरी शेत पडीक राहिलं नाही. इथवर लुईस बरोबर. पण हमालीचे दर स्थिर राहिले असं कोणी म्हणेल तर पटणार नाही. गावाकडे माणसं होती तरी दर वाढत गेले, कारण माथाडी बोर्ड आलं, १९६९ चा कायदा आला, संघटना उभी राहिली. पोत्यामागचा दर बसून ठरतो. आणि नफा पुन्हा धंद्यात घालायचा म्हणता, तर आमच्या ओळखीतल्या कितीतरी व्यापाऱ्यांनी नफ्याचे गाळे आणि फ्लॅट घेतले. त्यातून किती हातांना काम मिळालं? हे तुमच्या तक्त्यात कुठे बसतं?

---

सुमेधा_वाशी

दादा, तुम्ही दोन पक्क्या मर्यादा दिल्यात, आणि दोन्हींना मागची टोकं आहेत. दर संघटनेने ठरतात हे "वेतन स्थिर राहतं" या गृहीताला भिडतं. ते पडलं तर नफ्याचा वाटा लुईस म्हणतो तितका वाढत नाही. लुईसलाही ही शक्यता दिसली होती. अतिरिक्त श्रम असतानाही संघटनांमुळे वेतन चढू शकतं, असं तो सांगतो. नफ्याचे फ्लॅट हे "नफा उत्पादक भांडवलात जातो" या गृहीताला भिडतं. तिथे निष्कर्ष मधूनच तुटतो : नफा वाढला, रोजगार नाही.

मृण्मयी, ही दोन वाक्यं तुझ्या आधीच्या "शहरी बेरोजगारीकडे दुर्लक्ष" शेजारी ठेवून बघ. तुझ्या खान्यात दोष आहे, पण तो कुठून येतो ते नाही.

---

प्रथमेश_ठाणे

पण लुईसची मुख्य मर्यादा तर शुल्ट्झने दाखवली ना? सीमान्त उत्पादकता शून्य हे गृहीतच खोटं. १९१८-१९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत भारतात एवढी माणसं गेली, आणि पेरणीखालचं क्षेत्र घटलं. माणसं खरंच फालतू असती तर क्षेत्र घटलं नसतं. क्लासमध्ये हेच लिहायला सांगतात.

---

सुमेधा_वाशी

हे लिहायचंच, पण कुठल्या खान्यात ते महत्त्वाचं. शुल्ट्झचा आक्षेप "सीमान्त उत्पादकता शून्य" या विधानावर आहे. लुईसचा निष्कर्ष त्या विधानावर टेकलेला आहे का? १९७२ मध्ये लुईसने स्वतः सांगितलं की शून्य की थोडी जास्त, यावर मॉडेल उभं नाही. त्याला एवढंच हवं की त्या वेतनावर मागणीपेक्षा श्रमिक जास्त मिळत राहावेत. म्हणजे सोलोच्या भाषेत शून्य उत्पादकता हे निर्णायक गृहीत नव्हे, अमर्याद पुरवठा हे आहे. शुल्ट्झचा पुरावा पहिल्याला लागतो, दुसऱ्याला थेट लागत नाही.

शिवाय पुराव्यावरही वाद झाला. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये शुल्ट्झच्या कसोटीची चिकित्सा केली. साथीत मृत्यू सगळ्या घरांत सारखे वाटले गेले नव्हते. एखाद्या घरातली कामाची माणसंच गेली तर त्या घराची जमीन पडीक राहणार, शेजारच्या घरात जादा हात असले तरीही. नुसतं क्षेत्र घटलं म्हणून जादा श्रम नव्हते असं ठरत नाही.

---

दत्ता_पाचपाखाडी

सुमेधाताई, इथे मी प्रथमेशच्या बाजूने थोडं बोलतो. लुईसने नंतर काय खुलासा केला तो १९७२ चा. १९५४ च्या लेखात त्याने सीमान्त उत्पादकता नगण्य, शून्य, प्रसंगी ऋणसुद्धा असं म्हटलेलं आहेच. आणि शेतीतून माणसं काढली तरी अन्नधान्य कमी होत नाही हे गृहीत धरल्याशिवाय शहरातलं वेतन स्थिर कसं राहील? धान्य घटलं, महाग झालं, की मजुरी चढणारच. तेव्हा शून्याच्या जवळपासची उत्पादकता इतकी सहज सोडून देता येत नाही.

---

सुमेधा_वाशी

धान्याचा मुद्दा वजनदार आहे. लुईसनेही त्याचा विचार केला होता : शेतीची उत्पादकता वाढली नाही तर धान्याच्या भावामुळे नफा खाल्ला जाईल आणि विस्तार थांबेल. पण मग निर्णायक ठरतं ते "भांडवलदारी क्षेत्राला मिळणारं धान्य महाग होत नाही" हे, शून्य उत्पादकता हा त्याकडे जाणारा एकच रस्ता. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित. मृण्मयीने दोन्ही बाजू नोंदवाव्यात असं मी म्हणेन.

---

मृण्मयी_कळवा

ठीक. मग रिकाम्या खान्यांचं काय करू? "परकीय व्यापार" अशी ओळ केली तर वाचनात हॅरॉड-डोमर आणि सोलोबद्दल "बंद अर्थव्यवस्था" सापडतं, लुईसबद्दल काहीच नाही. "सरकार" ओळीत तर तिन्ही रिकामे.

---

सुमेधा_वाशी

रिकामा खाना कधीच नुसता सोडू नकोस, आणि प्रथमेशसारखं तिन्हींत "नाही" असंही लिहू नकोस. खाना रिकामा राहण्याची तीन कारणं असतात. मॉडेलने ती गोष्ट मुद्दाम शून्य धरली, सोलोने व्यापार धरला तसा. किंवा मॉडेल त्याबद्दल गप्प आहे. किंवा तुझ्या वाचनात ते आलं नाही पण मूळ लेखकाकडे आहे. लुईसचा व्यापार हा तिसऱ्या प्रकारचा : १९५४ च्या लेखाचा उत्तरार्ध खुल्या अर्थव्यवस्थेवरच आहे. तिथे "नाही" लिहिलंस तर लुईसवर नसलेली मर्यादा लादली जाते. माझ्या मुलांना मी "शून्य धरलं", "गप्प", "या वाचनात नाही" असे तीन शिक्के वापरायला लावते. जी ओळ तिन्ही स्तंभांत "गप्प" येते ती काढून टाक. तिच्यातून तुलना निघत नाही.

आणि प्रत्येक भरलेल्या खान्यात पान क्रमांक हवाच. तुझ्या वाचनाचा लेखक एका मॉडेलवर दुसऱ्याच्या बाजूने टीका करतोय. कुठलं विधान मॉडेलचं आणि कुठलं टीकाकाराचं हे महिनाभराने कळणार नाही.

---

मृण्मयी_कळवा

सगळ्यांचं वाचून पुन्हा बसले. पान क्रमांक इथे काढलेत, वहीत आहेत.

| | हॅरॉड-डोमर | सोलो | लुईस |
|---|---|---|---|
| कोणत्या अडचणीला उत्तर | स्थिर वाढ आणि पूर्ण रोजगार एकत्र टिकतील का (१९३९, १९४६) | वाढ सुरीच्या धारेवरच असते का (१९५६) | कमी बचतीचा देश जास्त बचतीचा कसा होतो (१९५४) |
| निर्णायक गृहीत | भांडवल आणि श्रम पक्क्या प्रमाणात | एकाच्या जागी दुसरं वापरता येतं, सीमान्त फळ घटतं | स्थिर वेतनावर हवे तितके श्रमिक. नफा पुन्हा गुंतवला जातो |
| श्रमिक कुठून येतात | नैसर्गिक दराने वाढतात; त्याहून वेगाने भांडवल वाढलं तर यंत्रं पडून राहतात | बाहेरून ठरलेल्या दराने; सगळ्यांना काम मिळतं | पारंपरिक क्षेत्रातून, वळण येईपर्यंत |
| बचत २० वरून ३० टक्के | वाढ ५ वरून ७.५, कायम (श्रमिक पुरले तर) | वाढ ५.८ पर्यंत चढून हळूहळू ५ वर. उत्पन्नाची पातळी सुमारे २२ टक्के वर | बचत इथे परिणाम आहे, कारण नव्हे |
| गृहीत काढलं तर | गुणोत्तर ४ वर राहात नाही, कायमची ७.५ टक्के जाते, सुरीची धारही जाते | सीमान्त फळ घटलं नाही तर बचतीने दरही वाढतो | वेतन चढलं तर नफ्याचा वाटा वाढत नाही; नफा जमिनीत गेला तर रोजगार वाढत नाही |
| तंत्रज्ञान | नैसर्गिक दरात धरलेलं | बाहेरून, कारण दिलेलं नाही | भांडवलाबरोबरच धरलेलं |

शुल्ट्झ-सेन वाद तक्त्यात बसेना, म्हणून त्याला खाली वेगळी टीप केली, दत्ताजींचा धान्याचा मुद्दा धरून. "सोलोने कशी मात केली" याचं उत्तर आता दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या ओळीवरून सलग लिहिता येतंय.

---

दत्ता_पाचपाखाडी

आधीच्यापेक्षा फार चांगला. पहिल्याच खान्यात दोन वर्षं आणि एक प्रश्न आहे, ते मला अजून खटकतं. "स्थिर वाढ" हा डोमरचा प्रश्न होता, हॅरॉडचा अस्थिरतेचा. तिथे उभी रेघ मारा.

---

सुमेधा_वाशी

सोलोच्या स्तंभातला "गृहीत काढलं तर" हा खाना जपून ठेव. सीमान्त फळ घटलं नाही तर काय, हाच प्रश्न धरून १९८० च्या दशकात रोमर आणि लुकास पुढे गेले. तुझ्या अभ्यासक्रमात अंतर्जात वाढीची मॉडेल्स पुढे येतील तेव्हा चौथा स्तंभ तिथूनच सुरू कर. दत्ताजींच्या रेघेबद्दल : तुझं वाचन हॅरॉड आणि डोमर यांना कुठे वेगळं करतं का ते एकदा बघ. करत असेल तर मार.

---

प्रथमेश_ठाणे

मॅडम, महालनोबिस मॉडेल याच तक्त्यात घालता येईल का? दुसऱ्या योजनेवर प्रश्न हमखास येतो. बचतीचा तोच प्रश्न त्यालाही विचारायचा का?

---

सुमेधा_वाशी

विचार. तिथे अडेल, आणि का अडतं ते बघण्यासारखं आहे : महालनोबिसांकडे कळीचा आकडा बचतदर नाही, गुंतवणुकीतला किती वाटा यंत्रं बनवणाऱ्या यंत्रांकडे जातो हा आहे. बंद अर्थव्यवस्था हे गृहीत त्यांच्याकडे मात्र निर्णायक आहे. यंत्रं बाहेरून आणता आली तर हा वाटा इतका महत्त्वाचा राहात नाही. तो स्तंभ तू भरून इथे टाक, मग बोलू.